साडीचा रंग नेमका सांगायचा कसा? घरून ऑनलाइन विकणाऱ्या नवख्यांसाठी

ऑनलाइन घेतलेली साडी परत येते तेव्हा कारण म्हणून बहुतेक वेळा एकच ओळ लिहिलेली असते: "रंग फोटोसारखा नाही." विकणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. साडी गडद निघाली की फिकी? निळसर वाटली की लालसर? हे कळलं नाही तर पुढची साडीही तशीच परत येते, आणि दोन्ही बाजूंचं कुरियर आपल्याच खिशातून जातं. वर "रंगात थोडाफार फरक पडू शकतो" ही ओळ सगळेच टाकतात. ती वाचून गिऱ्हाइकाला फरक कुठल्या दिशेने पडणार हे समजत नाही, म्हणून तिचा उपयोग नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर साड्या विकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं काठपदराच्या साड्यांची घेतली आहेत, म्हणजे पैठणी, सेमी पैठणी, इरकल, कारण रंगाचा सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. कुर्ते, ओढण्या, ड्रेस मटेरियल विकत असाल तरी पायऱ्या याच राहतील.

आधी घोळ कुठे होतो ते बघू. एकच फोटो दोन फोनवर उघडून शेजारी ठेवा. बऱ्याच फोनमध्ये पडद्याचे रंग मुद्दाम भडक दाखवणारी सोय आधीपासून चालू असते. सॅमसंगमध्ये तिला 'व्हिविड' म्हणतात आणि साधे रंग हवे असतील तर 'नॅचरल' निवडावं लागतं. आयफोनमध्ये 'ट्रू टोन' खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा पिवळा-निळा करत राहतो. त्यात रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून अनेकींनी पिवळसर पडद्याची सोय लावून ठेवलेली असते. साड्या बघितल्या जातात त्या जेवणं आटोपल्यावर, निवांत, त्याच पिवळ्या पडद्यावर. तिथे मोतिया बदामी दिसतो आणि अस्मानी हिरवट. आपण कितीही चांगला फोटो काढला तरी हे आपल्या हातात नाही.

म्हणून रंग सांगायचं सगळं काम एकट्या फोटोवर टाकायचं नाही. रंग आधी डोळ्यांनी बघायचा, मग शब्दांत लिहायचा, आणि मग त्या शब्दांशी जुळेल असा फोटो काढायचा. हा क्रम उलटा झाला की आपण कापडाचं वर्णन न करता फोटोचं वर्णन करायला लागतो.

१. साडी दारात न्या

साडीच्या दुकानात जाणत्या बायका साडी उचलून थेट दारात नेतात, "उजेडात बघू द्या" म्हणतात. तुमची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी. घरातला एलईडी दिवा कितीही पांढरा दिसला तरी त्याच्या उजेडात सगळे रंग सूर्यप्रकाशाइतक्या सारख्या प्रमाणात नसतात. त्यामुळे दिव्याखाली हुबेहूब जुळलेली साडी आणि ब्लाउजपीस उन्हात आणल्यावर वेगळे दिसू शकतात. दोन्ही कापडांत वेगवेगळे रंग वापरून एकच छटा साधलेली असते, आणि प्रकाश बदलला की ते रंग वेगवेगळे वागतात. "साडी छान आहे पण ब्लाउज मॅच होत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

जागा एकच ठरवून टाका: उत्तरेकडची खिडकी, गॅलरी किंवा पडवी, जिथे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. वेळ साधारण सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी तीन ते चार. सूर्य उगवताना आणि मावळताना उजेड केशरी असतो, तेव्हा रंग ठरवू नका. भोवती भिंत किंवा पडदा रंगीत असेल तर तो रंग कापडावर सांडतो. हिरव्या भिंतीपाशी धरलेली मोतिया साडी हमखास हिरवट दिसते, तेव्हा शेजारी पांढरं किंवा राखाडी काहीतरी असू द्या.

साडी तिथे उघडा आणि चार गोष्टी कागदावर लिहा. मूळ रंग कोणता. तो कुणीकडे झुकतो, म्हणजे लाल असेल तर केशरीकडे की गुलाबीकडे, हिरवा असेल तर पिवळ्याकडे की निळ्याकडे. गडद आहे की फिका. आणि चौथं, उजळ आहे की मळकट, म्हणजे त्यात राखाडी किंवा तपकिरी मिसळल्यासारखं वाटतं का. नवखे लोक पहिल्या प्रश्नावर थांबतात. साड्या परत येतात त्या मात्र दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावरून. "हिरवी मागवली, लाल आली" अशी तक्रार कुणी करत नाही. "पोपटी मागवली, मेंदी आली" अशी करतात.

धूपछांव असेल तर

काठपदराच्या साड्यांत या चार प्रश्नांनी भागत नाही असा मोठा गट आहे: धूपछांव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. म्हणजे कापडातले उभे धागे निळे असतील आणि आडवे राणी, तर समोरून साडी जांभळी दिसते, पण घडीच्या कडेला किंवा निऱ्यांच्या वळणावर एकदम गुलबाक्षी झळकते. रेशीम असेल तर धाग्याची चमक प्रत्येक कोनात वेगळा रंग पुढे आणते. हा रंग एका शब्दात किंवा एका फोटोत मावत नाही. तो मावल्यासारखा दाखवला तर गिऱ्हाइकाने बघितलेला कोन वेगळा आणि हातात आल्यावर दिसलेला वेगळा, असं होतं.

ताणा-बाणा कोणता हे शोधायला सोपा उपाय आहे. ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकाशी धागे सुटलेले असतात. उभा एक आणि आडवा एक ओढून काढा आणि पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. दोन रंग वेगळे दिसले की धूपछांव. मग साडी जमिनीवर पसरून चारही बाजूंनी फिरत बघा, आणि कुठल्या बाजूने कोणता रंग वर येतो ते लिहा. विणकराला विचारलंत तर तोही याच भाषेत सांगेल: ताणा अमुक, बाणा तमुक. वर्णनात हे जसंच्या तसं लिहायला हरकत नाही. ज्या बाईला पैठणी घ्यायची आहे तिला ते समजतं, आणि जिला समजत नाही ती विचारते. विचारलेलं परत आलेल्यापेक्षा परवडतं.

२. नाव द्या, आणि "काय नाही" तेही सांगा

मराठीत साडीच्या रंगांची नावं भरपूर आहेत आणि बहुतेक बघितलेल्या वस्तूंवरून आलेली आहेत: अबोली, डाळिंबी, अंजिरी, आमसुली, विटकरी, शेंदरी, पोपटी, मोतिया. ही इंग्रजी नावांपेक्षा कामाची आहेत, कारण आमसूल किंवा डाळिंब गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात असतं. पुरवठादाराच्या यादीतून आलेलं 'वाईन' किंवा 'पीच' प्रत्येकीच्या डोक्यात वेगळं असतं.

पण सगळी मराठी नावंही सारखी भरवशाची नाहीत. काही नावांवर फारसे मतभेद होत नाहीत, उदाहरणार्थ अबोली, पोपटी, डाळिंबी. काही नावं मात्र प्रत्येकजण आपापल्या परीने वापरतो. मोरपिशी म्हटलं की कुणाला निळा दिसतो, कुणाला हिरवा, कारण मोराच्या पिसात दोन्ही आहेत. चिंतामणी आणि आनंदी यांचंही तसंच. जुन्या माणसांना ती नावं पाठ असतात, पण दोघींना कापड दाखवायला सांगा, वेगळी कापडं पुढे येतील. 'रामा' आणि 'कांदा' ही बाजारातली नावंही सैल आहेत. अशी नावं टाळायची गरज नाही, गिऱ्हाईक तीच शोधतं. फक्त त्यांना एकटं सोडू नका.

मी नावाला तीन भाग करते. आधी प्रचलित नाव. मग घरात सापडेल अशी वस्तू, आणि त्या वस्तूपेक्षा गडद की फिका. शेवटी, ज्या जवळच्या रंगांशी गल्लत होईल असे एक-दोन रंग 'नाही' म्हणून. उदाहरणार्थ:

"मोरपिशी, हिरव्यापेक्षा निळ्याकडे जास्त. मोराच्या मानेचा रंग, पिसाच्या टोकाचा नाही. बॉटल ग्रीन नाही, रॉयल ब्लू नाही."

"आमसुली. भिजवलेल्या आमसुलापेक्षा थोडा उजळ, लालीकडे झुकणारा. मरून नाही, चॉकलेटी नाही."

हा तिसरा भाग सगळ्यात जास्त परतावे वाचवतो. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर आमसुली रंग मरूनसारखा दिसत असेल तर "मरून नाही" हे दोन शब्द तिला थांबवतात. तिला मरूनच हवी असेल तर ती ऑर्डर देणार नाही. त्या दिवशी एक विक्री कमी होईल, पण पुढच्या आठवड्यात पार्सल परत येणार नाही.

वस्तू निवडताना तिचा रंग स्थिर आहे ना ते बघा. आंबा, पेरू, टोमॅटो कच्चे-पिके असतात; "टोमॅटो रेड" म्हणजे नेमका कुठला? हळद गावोगाव थोडी बदलते. त्या मानाने नोटांचे रंग देशभर ठरलेले आहेत. रिझर्व्ह बँकेने नव्या मालिकेतल्या 100 रुपयांच्या नोटेचा रंग लव्हेंडर, 200 च्या नोटेचा उजळ पिवळा, 20 च्या नोटेचा हिरवट पिवळा आणि 10 च्या नोटेचा चॉकलेटी ठरवला आहे. "नव्या शंभराच्या नोटेपेक्षा दोन छटा गडद लव्हेंडर" असं लिहिलं तर पुण्यातल्या आणि इंदूरमधल्या बाईच्या पर्समध्ये तोच नमुना असतो. नोट कोरी हवी, मळकी चालत नाही. ही तुलना शब्दांतच ठेवा. नोटेचा फोटो जाहिरातीत वापरणं कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं ठरू शकतं.

नवरात्राच्या आधी हा विषय फार टोकदार होतो. नऊ दिवसांच्या नऊ रंगांची यादी आली की ऑफिसमधल्या सगळ्याजणींना एकाच दिवशी एकाच रंगात यायचं असतं, आणि 'पिकॉक ग्रीन'च्या दिवशी निळी मोरपिशी पोचली तर ती साडी कितीही सुंदर असो, परत येते. या दिवसांत वर्णनात "यादीतल्या अमुक रंगासाठी चालेल" किंवा "चालणार नाही" असं स्पष्ट लिहा.

३. फोटो: उजेड, पांढरा संदर्भ, उजळपणा

जागा पहिल्या पायरीतलीच. घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की साडीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी वेगळ्या रंगाची होते, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. कॅमेऱ्यातले फिल्टर, 'ब्यूटी', दृश्य ओळखून रंग खुलवणाऱ्या आपोआप सोयी बंद करा.

सावलीतल्या उजेडाची एक अडचण आहे. तो आकाशाकडून येतो, म्हणून निळसर असतो. आपला डोळा ते आपोआप सावरून घेतो, कॅमेरा अंदाजाने सावरतो. फ्रेमभर पिवळी साडी असेल तर कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो फोटो निळा करून टाकतो. म्हणून कॅमेऱ्याला खरा पांढरा दाखवावा लागतो.

इथे बहुतेकजण पांढरा कागद ठेवतात. छपाईच्या कागदात तो जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, ती दिवसाच्या उजेडात निळी झाक देतात. नीळ घातलेलं धोतर किंवा चादरही त्याच कारणाने चालत नाही. फोटोग्राफीच्या दुकानात राखाडी कार्ड मिळतं, ते उत्तम. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून नळाला गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप आणा. पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर ती आठ-दहा पदर गुंडाळली की जवळजवळ निखळ पांढरा पृष्ठभाग मिळतो. हा तुकडा साडीच्या कडेला, तिच्यावर पडतो तोच उजेड पडेल असा ठेवा.

पहिला फोटो तुकड्यासकट काढा, आणि नंतर त्याच उजेडात, त्याच जागेवरून बाकीचे. स्नॅपसीडसारख्या मोफत अ‍ॅपमध्ये 'व्हाइट बॅलन्स' हे साधन आहे, त्यातल्या ड्रॉपरने टेपच्या तुकड्यावर टेकवलं की रंग सुधारतो. किती सरकलं ते बघून तोच बदल बाकीच्या फोटोंना द्या. फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर आणखी सोपं: WB, म्हणजे व्हाइट बॅलन्स, आपोआप न ठेवता त्याचा आकडा स्वतः द्या. आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो, कमी केला की निळसर. 5500 पासून सुरू करा आणि टेप पांढरी दिसेपर्यंत सरकवा; सावलीत तो बहुधा 6000 च्या वर जातो. एकदा बसला की सगळी साडी होईपर्यंत बदलू नका. 'सॅच्युरेशन'ला मात्र हात लावायचा नाही. विक्री वाढते म्हणून रंग भडक करण्याचा मोह होतो, आणि तीच साडी "फोटोत चमकदार होती, प्रत्यक्षात डल आहे" म्हणून परत येते.

पुढची गोष्ट फोटोच्या उजळपणाची. फ्रेममध्ये जे काही असेल ते मध्यम राखाडी इतकं उजळ करण्याचा कॅमेऱ्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे काळी साडी राखाडी पडते आणि मोतिया साडी मळकी. संक्रांतीच्या काळ्या साड्यांना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो: फोटोत धुरकट दिसते म्हणून गिऱ्हाईक विचारतं, "नेव्ही ब्लू तर नाही ना?" पडद्यावर साडीला बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे थांबतो, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, काळा काळा दिसेपर्यंत. मोतियाला थोडं वर.

राणी आणि तत्सम झगझगीत गुलाबी रंगांना उजेड कमीच द्यायचा. जास्त झाला तर लाल रंगाची पातळी फोनच्या मर्यादेला टेकते, बुट्ट्यांचा पोत पुसला जातो आणि सगळी साडी सपाट गुलाबी होते. पोत दिसेनासा झाला की समजायचं, रंगही खोटा झाला.

फोटो किमान चार हवेत: सरळ समोरून अंगाचा, काठ आणि पदर एकत्र, कापड अगदी जवळून, आणि एक निऱ्या करून, म्हणजे वळणावरचा रंग दिसतो. धूपछांव असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा, ज्यात हात साडीचा पदर सावकाश तिरपा करतो. जरीकडे लक्ष ठेवा: थेट ऊन पडलं तर सोनेरी जरी पांढरी दिसते आणि "जरी चंदेरी निघाली नाही" अशी वेगळीच तक्रार येते.

४. फोटो कापडाशेजारी धरा

आपल्या फोनचा पडदा 'नॅचरल' किंवा त्यासारख्या साध्या सोयीवर आणा, रात्रीची पिवळी सोय आणि ट्रू टोन बंद करा, उजळपणा मध्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. आता खिडकीपाशी साडी आणि फोन शेजारी धरा. एकदा घरातल्या दुसऱ्या, शक्यतो स्वस्त फोनवरही बघा. बऱ्याच गिऱ्हाइकांकडे तसाच असतो.

काही रंग तरीही जुळणार नाहीत. मोरपिशी आणि फिरोजी या पट्ट्यातले गडद, झळाळते रंग साध्या पडद्यांच्या आवाक्याबाहेर जातात. पडदा ते दाखवूच शकत नाही, जवळचा फिका रंग दाखवतो. जांभळ्याचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्यातले लाल-हिरवे-निळे फिल्टर आणि आपल्या डोळ्यातल्या पेशी रंग सारख्या मापत नाहीत, आणि जांभळ्यात हा फरक उघड दिसतो. कॅमेरा त्यातली लाली कमी धरतो आणि साडी निळी येते. निऑन पोपटी, निऑन गुलाबी यांच्या रंगातली द्रव्यं उन्हात स्वतःच चमकतात आणि घरात तेवढी चमकत नाहीत.

अशा वेळी फोटोशी झटापट करू नका. फरक कुठल्या दिशेने आहे ते लिहा: "फोटोत आहे त्यापेक्षा प्रत्यक्षात लाली जास्त." ही ओळ माझ्या मते "थोडाफार फरक पडू शकतो"च्या दहापट मोलाची आहे, कारण तिला दिशा आहे.

एक साडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा हातात सेमी पैठणी आहे. पुरवठादाराने पाठवलेलं नाव 'पर्पल', सोबत त्याचाच स्टुडिओतला फोटो, त्यात ती चक्क शाईसारखी निळी. दारात नेली, ब्लाउजपीसचे धागे ओढले: ताणा निळा, बाणा राणी. समोरून जांभळी, तिरपी धरली की गुलबाक्षी. काठ हिरवा, पिवळ्याकडे झुकणारा. पदर काठाच्याच रंगाचा, जरी सोनेरी. कागदावर लिहिलं: जांभळा, लालीकडे, मध्यम गडद, उजळ.

टेपचा तुकडा ठेवून फोटो काढले, व्हाइट बॅलन्स बसवला. काठाचा हिरवा तंतोतंत आला, टेप पांढरी आली, अंग मात्र अजून निळंच. याचा अर्थ उजेडाचा प्रश्न मिटला आहे, उरलेला फरक कॅमेऱ्याच्या जांभळ्याचा आहे. अशा वेळी नवखे सगळा फोटो गुलाबीकडे ओढतात. त्याने अंग सुधारतं पण हिरवा काठ तपकिरी पडतो आणि एकाऐवजी दोन रंग चुकतात. फोटो तसाच ठेवायचा आणि वर्णन असं लिहायचं:

"अंग जांभळं, धूपछांव. ताणा निळा, बाणा राणी. समोरून पिकल्या जांभळाच्या सालीपेक्षा उजळ, निऱ्यांच्या वळणावर गुलबाक्षी झाक. वांगी नाही, वाईन नाही, रॉयल ब्लू नाही. काठ-पदर पोपटीपेक्षा गडद हिरवा, जरी सोनेरी. फोटोत अंग थोडं निळं आलं आहे, प्रत्यक्षात लाली जास्त. व्हिडिओ जरूर बघा. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढले आहेत."

पुरवठादाराचा फोटो लावलाच नाही. तो लावला असता तर खाली लिहिलेला एकही शब्द कुणी वाचला नसता.

५. तुकड्यांची वही

एक जाड वही घ्या. प्रत्येक साडीला अर्धं पान. त्यावर कापडाचा खराखुरा तुकडा लावायचा, कारण आठवणीतला रंग आठवड्याभरात सरकतो आणि फोनमधल्या फोटोवर तर विसंबायचंच नाही.

साडी कापायची नसते, मग तुकडा आणायचा कुठून? ब्लाउजपीसच्या टोकाचे सुटे धागे गोळा करून चिकटवता येतात. त्याहून चांगलं म्हणजे साडी घेऊन मॅचिंग सेंटरमध्ये जा. तिथे टू बाय टू रुबियाच्या शेकडो छटांचे तागे असतात आणि काउंटरवरच्या माणसाची नजर दिवसभर हेच करून तयार झालेली असते. त्याने काढलेला तागा आणि साडी दोन्ही दुकानाबाहेर उजेडात बघा, ट्यूबखाली ठरवू नका. जुळला की थोडंसं कापड घेऊन त्याचा तुकडा वहीत लावा. अंगाचा एक, काठाचा एक.

दुसरा मार्ग भरतकामाच्या धाग्याचा. अँकरच्या लडीवर छटेचा क्रमांक छापलेला असतो. साडीशी जुळणारी लड सापडली की तो क्रमांक लिहून ठेवा. परगावच्या गिऱ्हाइकाला अगदी नेमका रंग हवा असेल, मुंजीसाठी घरातल्या चौघींच्या साड्या जुळवायच्या असतील, तर तिला क्रमांक सांगा. ती तिच्या गावच्या दुकानात ती लड हातात घेऊन बघू शकते. तिच्या आणि तुमच्या मधला पडदा त्या क्षणी बाजूला होतो.

तुकड्याशेजारी एवढं लिहा: तारीख, कुणाकडून आली, ताणा-बाणा, पहिल्या पायरीतली चार उत्तरं, ठरवलेलं नाव, आणि फोटोत रंग कुठल्या दिशेला सरकला. वही बंद आणि कपाटात ठेवा. उजेडात पडली तर तुकडे विटतात आणि वहीच खोटं बोलायला लागते.

वहीचा खरा उपयोग दुसरा लॉट येतो तेव्हा होतो. त्याच नावाची, त्याच डिझाइनची साडी पुन्हा मागवली की आपण जुनाच फोटो पुन्हा टाकतो. पण धागा दर वेळी नव्याने रंगवला जातो, आणि दोन वेळच्या रंगवणीची छटा क्वचितच तंतोतंत एक येते. नवी साडी आली की आधी वहीतल्या तुकड्यावर ठेवून दारात बघा. डोळ्याला फरक जाणवला तर नवा फोटो, नवी नोंद. "मैत्रिणीने तुमच्याकडूनच घेतली, तिची वेगळी आहे" या तक्रारीचं मूळ इथे असतं.

६. ऑर्डर येताना आणि साडी परत येताना

पैसे घेण्याआधी एक छोटा मेसेज पाठवा: "ताई, फोनची रात्रीची पिवळी सोय चालू असेल तर बंद करून एकदा बघा. हा रंग वाईन नाही, जांभळा आहे. पार्सल आल्यावर दिवसा खिडकीपाशी उघडून बघा." फोटो मूळ दर्जाचा हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही.

एवढं करूनही कुणी रंगाची तक्रार केली तर वाद घालण्याआधी दोन प्रश्न विचारा. कुठल्या उजेडात बघितली? आणि अपेक्षेपेक्षा गडद, फिकी, निळसर, लालसर, भडक की मळकी? संध्याकाळी दिव्याखाली उघडलेली असेल तर "उद्या सकाळी खिडकीत बघून सांगाल का काकू?" एवढ्यावर काही साड्या तिथेच राहतात. ज्या परत येतात त्यांचं उत्तर वहीतल्या त्याच पानावर लाल शाईने लिहा.

चार-सहा महिन्यांनी लाल नोंदी एकत्र वाचा. वेगवेगळ्या रंगांच्या साड्यांना "फोटोपेक्षा मळकी" असंच येत असेल तर फोन रंग भडक करतो आहे, कॅमेऱ्याच्या सोयी पुन्हा तपासा. सगळ्या फिक्या साड्यांना "पिवळट" येत असेल तर फोटोची जागा किंवा वेळ बदला. आणि एकाच नावाला, समजा मोरपिशीला, कधी "निळी" कधी "हिरवी" अशा दोन्ही तक्रारी येत असतील तर फोटो ठीक आहे, शब्द सैल आहे. त्या नावापुढे "निळ्याकडे" की "हिरव्याकडे" हे लिहिल्याशिवाय पुढची साडी टाकू नका.